नववी ‘ब’चा आठवडी बाजार: एका निबंधाच्या आठ तासिका

सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेतला हा वर्ग. नववी ‘ब’, पट सेहेचाळीस, तासिका पस्तीस मिनिटांची. मराठी प्रथम भाषा, पण चार-पाच मुलांच्या घरी कन्नड बोलतात आणि दोघांच्या घरी लमाणी. वर्गाला मराठी शिकवणाऱ्या बाई आणि मी एकाच शाळेत. ‘अ’ तुकडी माझ्याकडे. बाईंनी निबंधाचा हा पाठक्रम आखला, तेव्हा आखणीत मी सोबत होतो आणि माझी तासिका मोकळी असली की मागच्या बाकावर बसून बघतही होतो.

अडचण ओळखीचीच होती. पहिल्या घटक चाचणीत ‘माझा आवडता ऋतू’ लिहायला दिला, तेव्हा निम्म्याहून जास्त वह्यांत पावसाळा आला. त्यातही ‘काळ्याकुट्ट ढगांनी आभाळ भरून येते, मोर पिसारा फुलवून नाचू लागतो’ हे वाक्य शब्दशः तेच. आमच्या भागात पावसाची वाट बघत बसावं लागतं, मोर कोणाच्या बघण्यात नाही. पण गाईडमध्ये मोर आहे म्हणून वहीत मोर. मुलं आळशी होती असं नाही. निबंध म्हणजे पाठ केलेलं उतरवायचं, हे त्यांना पाचवीपासून शिकवलं गेलं होतं आणि दहावीपर्यंत तेच चालणार होतं. बोर्डाच्या 80 गुणांच्या पत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला 8 गुण. त्या आठांसाठी पाठांतर पुरतं, असा घरी आणि शिक्षकखोलीतही समज.

बाईंनी आठ तासिका मागितल्या, तीन आठवड्यांत पसरून. मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न, “पोर्शन कधी संपवणार?” बाईंनी दोन पाठांचे लेखी स्वाध्याय कमी करून जागा काढली. ऑगस्ट निवडला तोही विचार करून. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं गळायला लागतात, आणि जोडीने करायच्या कामात एक जण गेला की दुसराही अडकतो.

विषय ठरला ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’. सगळ्यांनी बघितलेला, पण प्रत्येकाने वेगळ्या जागेवरून. काहींचे आईवडील तिथे विकायला बसतात, काही फक्त पिशवी धरून मागे चालतात, एकाचे काका चप्पल शिवतात.

पहिली तासिका आम्ही सगळेच घेतो तशी गेली. फळ्याच्या मधोमध ‘बाजार’ लिहून गोल काढला, मुलं ओरडून शब्द सांगत गेली, बाई रेघा ओढत गेल्या. गर्दी, भाजीवाले, आरडाओरड, भेळ, कांदे, बटाटे, धूळ, पाकीटमार. पंधरा मिनिटांत फळा भरला. वर्ग खुशीत होता. तास छान झाला असं कोणालाही वाटलं असतं. पण बाईंनी घंटेआधी एक चाचपणी केली: फळ्यावरून कोणतेही सहा शब्द घेऊन दोन वाक्यं लिहा. दहा-बारा जणांनी वाचली. ‘बाजारात खूप गर्दी असते. भाजीवाले ओरडत असतात.’ सगळ्यांची एकच. गाईडची जागा आता फळ्याने घेतली होती.

सामूहिक शब्दजाळ्याचा हा दोष सहसा बोलला जात नाही. जो शब्द सगळ्यांना एकदम सुचतो तोच फळ्यावर आधी येतो, आणि एकदा फळ्यावर आला की ज्याच्याकडे काही वेगळं होतं तोही तोच उतरवून घेतो. मागे बसणारी मुलं तर तोंडच उघडत नाहीत. म्हणजे सगळ्यात जास्त बाजार ज्यांनी बघितला, त्यांचाच फळ्यावर पत्ता नसतो.

दुसऱ्या तासिकेला फळा पुसलेला. प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, सात मिनिटं यादी करायची. वाक्यं नकोत, फक्त बघितलेलं, ऐकलेलं, वास आलेलं. मग शेजाऱ्याची यादी आपल्या यादीशेजारी ठेवायची आणि दोघांच्या यादीत जे जे आलंय ते दोघांनीही खोडायचं. गर्दी गेली, भेळ गेली, कांदे-बटाटे गेले. एका मुलाच्या सतरा नोंदींतल्या तीनच उरल्या. तो कुरकुरला, “बाई, माझं समदंच गेलं.” बाई म्हणाल्या, “तीन उरले ना? मग त्या तिन्हींवरच लिही.” त्याच्या उरलेल्या तीन गोष्टी अशा होत्या: टेम्पोच्या टपावर झोपलेला माणूस, काट्याच्या पारड्याला चिकटवलेलं चुंबक, आणि बाजार उठल्यावर पडलेला पाला खायला येणारी गाय. चुंबक लावून वजनात मारतात, हे अर्ध्या वर्गाला त्या दिवशी कळलं.

यादी आणि मसुदा यांच्यामध्ये बाईंनी एक पायरी ठेवली होती, आणि माझ्या मते सगळ्या आखणीत तीच सर्वांत मोलाची: सांगणं. उरलेल्या नोंदींतली एक निवडून जोडीदाराला दोन मिनिटं तोंडी सांगायची. ऐकणाऱ्याने मध्ये फक्त ‘मग?’ किंवा ‘म्हणजे कसं?’ एवढंच विचारायचं. आपली मुलं बोलताना क्रम लावतात, नक्कल करतात, काय आधी सांगायचं ते त्यांना बरोबर कळतं. पेन हातात आलं की तेच मूल ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ने सुरुवात करतं. लगेच सांगून लगेच लिहिलं, तर बोलण्यातला क्रम कागदावर टिकतो. म्हणून त्याच तासिकेची शेवटची दहा मिनिटं बाईंनी पहिला परिच्छेद लिहून घेतला. तो घरी न्यायला दिला नाही. घरी गाईड असतं, मोठी बहीण असते.

तिसरी आणि चौथी तासिका कच्च्या मसुद्याची. नियम मोजके. एक ओळ सोडून लिहायचं, पानाच्या एकाच बाजूला. खोडरबर नाही, चुकलं तर एक रेघ मारायची. शब्द अडला तर बोलतो तसा लिहून खाली टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. हा शेवटचा नियम वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. ऱ्हस्व की दीर्घ या प्रश्नापाशी थांबलेलं मूल पुढचं वाक्य विसरतं, किंवा अवघड शब्द टाळून सोपा घालते. ‘हिरमुसली’ लिहायचं असतं, पण ‘नाराज झाली’वर भागवते.

एका मुलीचा मसुदा पुढच्या तासिकांत आम्ही बारकाईने पाहिला, तिच्या परवानगीने. तिची आई बाजारात पालेभाजी विकते. पहिला मसुदा असा होता:

“आमच्या गावात दर सोमवारी बाजार भरतो. बाजारात मेथी कोथिंबीर शेपू मिळते. सकाळी जुडी महाग आसते आनि संध्याकाळी स्वस्त होते आनि लोक संध्याकाळीच येतात आनि मग खूप गर्दी होते. शेवटी राहिलेली भाजी उक्ती देतात. असा हा बाजार मला खूप आवडतो.”

यादीत तिने ‘जुडीवर पाणी मारणे’ आणि ‘आई पाचला सुटे पैसे मोजते’ असं लिहिलं होतं. मसुद्यात दोन्ही नाही. ती स्वतःही नाही, आईही नाही. बाजार मात्र आहे. लाज होती की ‘निबंधात असलं घालत नाहीत’ ही समजूत, ते सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही.

पाचव्या तासिकेला जोडीवाचन. वही बदला, वाचा, सूचना लिहा, एवढंच सांगितलं होतं. बाईंना बघायचंच होतं की मुलांना ‘तपासणे’ म्हणजे काय वाटतं. वीस मिनिटांत वह्या परत आल्या, त्यांवरचे शेरे असे: ‘छान’. ‘अक्षर सुधार’. ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’. ‘आणखी मुद्दे हवेत’. दोघांनी गुण दिले होते, एकाने खाली झोकात सही केली होती. मुलं वाचक झाली नव्हती, मास्तर झाली होती, आणि हुबेहूब आमच्यासारखीच. कारण शेरे आमचेच आहेत. हे शेरे निरुपयोगी आहेत हे ओळखायची एक सोपी खूण आहे: शेरा उचलून दुसऱ्या कोणत्याही वहीवर ठेवा. तिथेही चपखल बसला, तर त्याने ही वही वाचलेलीच नाही.

शिवाय चुकीच्या दुरुस्त्या. ‘शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ’ हा नियम आदल्या महिन्यात झाला होता. त्यामुळे तीन वह्यांत बरोबर लिहिलेलं ‘आणि’ खोडून ‘आणी’ केलेलं सापडलं. ‘आणि’ आणि ‘नि’ त्या नियमाला अपवाद आहेत, तसंच ‘परंतु’, ‘तथापि’ ही संस्कृतातून आलेली अव्ययंही. पण मुलांपर्यंत नियम पोचला होता, अपवाद नव्हता. ज्याची वही होती त्याने मुकाट्याने चुकीची दुरुस्ती मान्य केली, कारण लाल पेन समोरच्याच्या हातात होतं.

सहाव्या तासिकेला बाईंनी वाचणाऱ्याच्या हातातून पेनच काढून घेतलं. जोडीदाराने मसुदा दोनदा वाचायचा, वही मिटायची आणि काय वाचलं ते लेखकाला परत सांगायचं. लेखकाने बोलायचं नाही, समजावून द्यायचं नाही, फक्त समासात टिपायचं: त्याने काय सांगितलं, काय वगळलं, काय वेगळंच समजला. त्यानंतर वाचणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याला खरोखर माहीत नाही.

त्या मुलीच्या जोडीत हायवेजवळच्या वस्तीवरचा एक मुलगा होता. त्याने सांगितलं, “सकाळी महाग, संध्याकाळी स्वस्त, आनि गर्दी.” बस, एवढंच. मग विचारलं, “तू बाजारात काय करतीस? फिरतीस का बसतीस?”

“बसते की. आईजवळ.”

“मग ते कुटं लिव्हलंय?”

“नाही लिव्हलं.”

“आनि उक्ती देतात म्हंजे?”

“राहिलेल्या समद्या जुड्या एकदमच एका भावात देऊन टाकायच्या. हाटेलवाला नेतो.”

“कितीला?”

इथे ती जरा थांबली, मग सांगत सुटली. बाई बाजूने जाता जाता फक्त म्हणाल्या, “हे आत्ता बोललीस तेवढं समासात टिपून ठेव.”

जोड्या लावताना बाईंनी ‘हुशाराबरोबर कच्चा’ हा नेहमीचा हिशेब मोडला होता. तशा जोडीत हुशार मूल दुसऱ्याचा निबंध स्वतःच लिहून मोकळं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या मसुद्याला कोणी प्रश्न विचारायला धजत नाही. त्याऐवजी एकमेकांचं घर-गल्ली माहीत नसलेली मुलं एकत्र आणली. ज्याला बाजारातली ती जागा ठाऊक आहे, तो कागदावर नसलेलं मनाने भरून घेतो आणि ‘समजलं’ म्हणतो. ज्याला ठाऊक नाही तोच अडतो, आणि तो अडला तरच लेखकाला कळतं की काय लिहायचं राहिलं. मात्र एक सवलत ठेवली होती. एखादा परिच्छेद दाखवायचा नसेल तर पान दुमडून ठेवायचं, कारण विचारलं जाणार नाही. गावात कोण कुठे विकायला बसतं, यात जात आणि गरिबी दोन्ही दिसतात. ही सवलत नसती तर तीन-चार मुलांनी पुन्हा कांदे-बटाट्यांचाच निबंध लिहिला असता.

सातव्या तासिकेला दुसरा मसुदा. जुना समोर उघडा ठेवून नव्या पानावर. बाईंची अट एकच: पहिल्या मसुद्यातली दोन वाक्यं काढून टाका आणि समासातल्या टिपणांतली निदान एक गोष्ट आत घ्या. काढायला सांगितल्याशिवाय मुलं काढत नाहीत, शेवटाला जोडत जातात, आणि मग ‘असा हा बाजार मला खूप आवडतो’च्या खाली आणखी चार ओळी येतात. तिचा दुसरा मसुदा:

“सोमवारी शाळा सुटली की मी दप्तर घेऊन सरळ बाजारात जाते. आईजवळ पोतं आंथरलेलं असतं. मी बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून जुड्यांवर पाणी मारते, म्हणजे त्या ताज्या दिसतात. दुपारी दहाला असलेली जुडी पाचनंतर पाचला होते. काही बायका पाच वाजायची वाटच बघत असतात, लांब उभ्या राहून. दिवेलागणीला आई म्हणती, ‘आता कोन येत न्हाई, उक्ती दिऊन टाकू.’ मग हॉटेलवाला येतो आणि सगळ्या जुड्यांचे एकदम साठ रुपये देतो. आई ते दोनदा मोजते.”

‘आंथरलेलं’खाली टिंब, ‘बाटलीच्या झाकणाला भोकं’ पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीकडून ऐकलेलं नाही हे बाईंनी खात्री करून घेतलेलं. सुरुवातही बदलली, शेवटही. ‘आवडतो’ गेलं, ते जावं असं कोणी सांगितलं नव्हतं.

भाषेची तपासणी आठव्या तासिकेपर्यंत मुद्दाम मागे ठेवली होती. जे वाक्य उद्या जाणारच आहे, त्याची वेलांटी आज सुधारण्यात अर्थ नाही. आणि सगळंच तपासायचं नाही. बाईंनी मधल्या दिवसांत रोज दहा-बारा वह्या चाळल्या होत्या, त्यांतून या वर्गाच्या तीनच गोष्टी निवडल्या: न आणि ण, शेवटचा इकार-उकार (अपवादांसह फळ्याच्या कोपऱ्यात लिहून), आणि ‘आणि-आणि’ने जोडलेली लांबलचक वाक्यं. वाचणाऱ्याने शेवटच्या वाक्यापासून वर वर जात वाचायचं. खालून वर वाचलं की गोष्टीत वाहून जाता येत नाही, प्रत्येक वाक्य सुटं दिसतं. शंका आली तर पेन्सिलीने खाली रेघ, दुरुस्ती नाही. दुरुस्ती लेखकाने करायची, वर्गात ठेवलेल्या दोन शब्दकोशांत बघून किंवा फळ्याच्या कोपऱ्यात बघून. त्यामुळे ‘आणि’चा ‘आणी’ करायची सोयच उरली नाही. आमच्या भागात ‘पानी’, ‘लोनी’ असंच कानावर पडतं, त्यामुळे न-णच्या चुका ऐकून सापडत नाहीत, बघूनच सापडतात. मोठ्याने वाचायचा उपाय इथे कामाचा नाही. लांब वाक्यांना मात्र मोठ्याने वाचणंच लागू पडतं. दम लागला तिथे पूर्णविराम.

बोलीचा प्रश्न आलाच. ‘आई म्हणती’ आणि ‘दिऊन टाकू’ या दोन्हींखाली जोडीदाराने रेघ मारली होती. बाईंनी ठरवून दिलं: अवतरणचिन्हांत माणूस बोलतो तसं राहील, निवेदन प्रमाणभाषेत. म्हणून ‘म्हणती’चं ‘म्हणते’ झालं, ‘दिऊन’ आणि ‘न्हाई’ तसेच राहिले. ‘उक्ती’ राहिला, कारण पुढच्या वाक्यातून तो न समजणाऱ्यालाही समजत होता. परीक्षकाच्या बाबतीत मात्र हे धोक्याचं आहे. निबंधात बोली दिसली की सरसकट गुण कापणारे परीक्षक आहेत. अवतरणचिन्हं नीट द्या, मग कापणं अवघड जातं, एवढीच पळवाट बाईंनी मुलांना सांगितली.

जे जमलं नाही ते असं. चार मुलांना सलग परिच्छेद लिहिताच येत नव्हता. त्यांचं सांगणं जोडीदाराने उतरवून घेतलं आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. मजकूर त्यांचाच, पण पुढच्या वेळी एकट्याने लिहिता येईल असं त्यातून काही झालं नाही. त्यांना वाक्यापासून वेगळं काम हवं. लमाणी बोलणारी एक मुलगी सांगण्याच्या पायरीवर गप्प बसली, तिला आधी मैत्रिणीशी लमाणीत सांगू दिल्यावर मग मराठीत लिहिती झाली. सहाव्या तासिकेला सात जण गैरहजर होते, त्यांच्या जोडीदारांना तिघातिघांत बसवलं, आणि तिघांत परत सांगणं लांबतं, दोन मसुद्यांवरच घंटा होते.

परीक्षेचं काय, हा प्रश्न ‘अ’ तुकडीतल्या पालकांनी मला विचारला. तिथे आठ तासिका नसतात, या प्रश्नाला वीस-पंचवीस मिनिटं मिळाली तर खूप. बाईंनी सप्टेंबरमध्ये तेच आवळून करून घेतलं: चार मिनिटं यादी, सगळ्यांना सुचेल ते स्वतःच खोडणे, पंधरा मिनिटं लेखन, शेवटची तीन मिनिटं खालून वर वाचन. सांगणं तिथे मनातल्या मनात. सहामाहीत विषय आला ‘बसस्थानकावरील एक तास’. अर्ध्याअधिक वह्यांत अजूनही ‘प्रवाशांची वर्दळ’ होती. पण बाकीच्यांत कंट्रोल केबिनमधला खरखरता भोंगा, विठ्ठलाच्या वारीहून परतलेल्या आजींची वीणा, बंद पडलेल्या गाडीला ढकलणारे शाळकरी असं बरंच काही होतं, आणि दोन वह्यांत एकच गोष्ट सापडणं दुर्मीळ झालं होतं.

वैचारिक निबंधाला मात्र हा पाठक्रम जसाच्या तसा लागू होत नाही, हे दुसऱ्या सत्रात लगेच दिसलं. ‘मोबाइल: शाप की वरदान’वर दोघांच्या यादीतलं समान खोडलं, तर मुख्य मुद्दाच खोडला जातो. वही मिटून परत सांगताना मुलं एकमेकांची मतं बरोबर सांगतात, कारण मतं सगळ्यांची तीच असतात. तिथे बाईंनी वाचणाऱ्याचा प्रश्न बदलला: ‘हे तुला कशावरून वाटतं?’ आणि उत्तरात घरातलं किंवा गल्लीतलं एक उदाहरण आलं तरच ते समासात टिपायचं. पहिल्या फेरीत निम्म्या समासांत काहीच नव्हतं. त्यामुळे यादी करायची ती मतांची नाही, घडलेल्या प्रसंगांची, आणि मत शेवटी, असा क्रम आता लावून बघतोय. दोन्ही तुकड्यांत एकाच वेळी, म्हणजे ताडून बघता येईल.